फॉरवर्ड मेलचा सारांश आणि मूळ मेल जुळत नाहीत? मग या क्रमाने तपासा

ऑफिसात मिनिट्स आणि मेलचे सारांश तपासायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे, आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जॉइंट सेक्रेटरी झाल्यापासून तिथेही तेच गळ्यात पडलंय. दर वेळी बिघाड तोच असतो. चाळीस-पन्नास मेलची साखळी कोणीतरी फॉरवर्ड करतं, दुसरं कोणीतरी त्याचा एक पानाचा सारांश काढतं, वाचायला एकदम छान वाटतो, आणि मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, अहो मी असं कधी म्हटलंच नव्हतं.

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते कळेल. सारांशात एखादी तारीख आहे पण तो वार कॅलेंडरशी जुळत नाही. एकाच माणसाने दोन उलट गोष्टी बोलल्यासारखं दिसतं. "ठरलं", "मंजूर झालं" असं लिहिलंय पण कोणी मंजूर केलं ते नाही. रक्कम आहे पण टॅक्स धरून की सोडून ते नाही. आणि सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे साखळीतल्याच दोघांना सारांश वाचायला दिला तर दोघंही "बरोबर आहे पण..." म्हणतात आणि दोघांचा पण वेगळा असतो.

उदाहरण म्हणून आमच्या लिफ्टचंच प्रकरण घेते, २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमधलं. जुनी लिफ्ट बदलायची होती, एकूण ४१ मेल, त्यात चेअरमन, खजिनदार, कॉन्ट्रॅक्टर आणि पाचव्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा जो न्यू जर्सीला असतो, असे मुख्य चार जण. चेअरमननी सगळं एका मेंबरला फॉरवर्ड केलं आणि त्याने, बिचाऱ्याने एका संध्याकाळीत, हा सारांश काढला (आडनाव बदललंय):

"४ मार्चला जोशींनी ११ लाख ८० हजारांचं कोटेशन मंजूर केलं. काकू ५ एप्रिलला अमेरिकेला जाणार, त्यामुळे काम सोमवार ७ एप्रिलपासून. ४० टक्के ॲडव्हान्स शुक्रवार १४ मार्चपर्यंत."

तीन ओळी, आणि तिन्ही चुकीच्या. सारांश काढणारा हा मेंबर हुशार आहे, आळशीपण नाही. चुका कुठून आल्या ते खाली येईलच.

पहिलं, फुकटचं आणि पाच मिनिटांचं: साखळी पूर्ण दिसतेय का ते बघा

जीमेल १०२ केबीपेक्षा मोठा मेल स्क्रीनवर कापून दाखवतं आणि सगळ्यात खाली `Message clipped` आणि `View entire message` असं बारीक अक्षरात येतं. फॉरवर्ड झालेली साखळी हा एकच मोठा मेल असतो, त्यामुळे ती सहज कापली जाते, आणि नवीन मेल वर, जुने खाली असल्याने कापलं जातं ते नेमकं सुरुवातीचं, म्हणजे जिथे अटी लिहिलेल्या असतात ते. आमच्याकडे तेच झालं. सारांश काढणाऱ्याला पहिले सहा मेल दिसलेच नव्हते, आणि त्यातल्या दुसऱ्या मेलमध्ये कॉन्ट्रॅक्टरने स्वच्छ लिहिलं होतं की ११ लाख ८० हजार अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे खरा आकडा १३ लाख ९२ हजार ४००. दोन लाख बारा हजारांचा फरक एका न दाबलेल्या लिंकमुळे.

कापलं गेलंय का ते ओळखायची अजून एक सोपी खूण म्हणजे अगदी तळाचा मेल वाचा. तो "वरील विषयानुसार" किंवा "काल बोलल्याप्रमाणे" असा सुरू होत असेल किंवा कशाला तरी उत्तर दिल्यासारखा वाटत असेल तर त्याच्याही खाली काहीतरी होतं. तीन टिंबांचं छोटं बटण असेल तर तेपण उघडा, त्यामागे जुना मजकूर दडवलेला असतो.

पूर्ण साखळी हाताशी आली की मी ती प्रिंट काढते किंवा एका डॉक्युमेंटमध्ये टाकते आणि तळापासून वर १, २, ३ असे नंबर देते. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढची सगळी तपासणी "हे वाक्य कितव्या मेलमधलं" या एकाच प्रश्नावर चालते. सारांशातल्या प्रत्येक वाक्याच्या बाजूला पेन्सिलने मेलचा नंबर लिहायचा. ज्या वाक्याला नंबर मिळत नाही ते वाक्य कोणाच्या तरी डोक्यातून आलंय, मेलमधून नाही.

दुसरं: नावं

हेही स्वस्तातलं काम आहे, दहा मिनिटं लागतात. आमच्या सोसायटीत कमिटीवरच दोन जोशी, चेअरमन जोशी ए विंगमधले आणि खजिनदार जोशी बी विंगमधले, नात्यातले नाहीत. पुण्यात हे व्हायचंच, तुमच्याकडे दोन कुलकर्णी असतील. सारांशात नुसतं "जोशींनी" लिहिलं की मीटिंगमध्ये दोघंही एकमेकांकडे बघतात.

नाव तपासताना मेलच्या शेवटची सही किंवा वर दिसणारं नाव बघून समाधान मानू नका, मेल ॲड्रेस बघा. काही जणांच्या घरात एकच अकाउंट दोघं वापरतात, काहींच्या फोनवर नुसतं आडनाव येतं, आणि ऑफिसच्या मेलमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर असल्यामुळे वेगळाच माणूस वाटतो. साखळीत आडनाव सर्च करा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा की हा जोशी लिहितोय, की त्याच्याबद्दल दुसरं कोणी लिहितंय, की त्याला फक्त सीसीत ठेवलंय. या तिन्हीची सारांशात हमखास सरमिसळ होते. सीसीत असलेल्या माणसाने काही "मान्य" केलेलं नसतं, त्याने कदाचित मेल उघडलाही नसेल.

आणि "मी" या शब्दावर लक्ष ठेवा. फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये "मी त्यांच्याशी बोलतो" असं असेल तर तो मी कोण हे फक्त त्याच्या वरच्या हेडरवरून कळतं, आणि घाईत वाचणारा तो मी ज्याने फॉरवर्ड केलं त्याच्या नावावर टाकतो.

आमच्या केसमध्ये ४ मार्चचा मेल खजिनदारांचा होता, चेअरमनचा नाही. त्यात काय लिहिलं होतं ते निर्णयाच्या भागात सांगते.

तिसरं: तारखा, इथे निवांत बसा

सगळ्यात जास्त चुका इथे सापडतात म्हणून हा भाग लांबला तरी चालेल.

न्यू जर्सीवाल्या मुलाने लिहिलं होतं, "आईचं तिकीट `05/04` चं आहे, रविवारची फ्लाइट, त्यानंतर लिफ्ट बंद ठेवली तर बरं." आपण इथे हे ५ एप्रिल वाचतो. अमेरिकेत आधी महिना लिहितात, म्हणजे ४ मे. तो मराठी आहे, मेल मराठीत लिहितोय, मग तारीख आपल्या पद्धतीची की तिकडची? अंदाज करायचा नाही, पुरावा शोधायचा. त्याच माणसाच्या बाकीच्या मेलमध्ये अशी एखादी तारीख शोधा ज्यात एक आकडा १२ पेक्षा मोठा आहे. त्याच्या फेब्रुवारीच्या मेलमध्ये सापडलं: "कोटेशन `03/31` पर्यंत व्हॅलिड आहे ना?" एकतिसावा महिना नसतो, म्हणजे हा माणूस महिना आधी लिहितो. दुसरा पुरावा वाराचा. ५ एप्रिल २०२५ ला शनिवार होता आणि ४ मे ला रविवार. दोन्ही पुरावे एकाच बाजूला, विषय संपला. कॉन्ट्रॅक्टरने लिहिलं होतं "त्या गेल्या की लगेचच्या सोमवारी काम चालू करतो", म्हणजे सोमवार ५ मे, सारांशातला ७ एप्रिल नाही. जवळजवळ महिनाभराचा फरक, आणि गुडघे दुखणाऱ्या काकू पाचव्या मजल्यावर.

दुसरी गंमत टाइम झोनची. तीच चिठ्ठी साखळीत दोन ठिकाणी दोन तारखांनी दिसू शकते. चेअरमननी १० मार्चला सकाळी साडेआठला मेल टाकला. न्यू जर्सीहून त्याला उत्तर आलं तेव्हा खाली चिकटलेल्या चेअरमनच्या मेलवर असं होतं:

```
On Sun, Mar 9, 2025 at 11:00 PM ... wrote:
```

उत्तर देणाऱ्याच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर जी वेळ चालू असते त्या वेळेत ही ओळ तयार होते आणि ती वेळ कुठली ते ओळीत लिहिलेलं नसतं. त्याच दिवशी पहाटे अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे गेली होती, म्हणून फरक साडेनऊ तासांचा, आदल्या आठवड्यात तोच साडेदहा होता. त्यामुळे परदेशातला कोणी साखळीत असला की तारीख चिकटलेल्या ओळीवरून घेऊ नका, मूळ मेल ज्याच्याकडे आला किंवा ज्याने पाठवला त्याच्या मेलबॉक्समधून घ्या. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत `Show original` असतं, तिथे ही ओळ मिळते:

```
Date: Mon, 10 Mar 2025 08:30:12 +0530
```

शेवटचं `+0530` म्हणजे भारतीय वेळ. पण लक्षात ठेवा, हे मूळ मेलवर करायचं. फॉरवर्ड झालेल्या मेलवर केलंत तर फॉरवर्ड केल्याची तारीख मिळेल.

तिसरं, सापेक्ष शब्द. "उद्या", "येत्या शुक्रवारी", "पंधरा दिवसांत" हे ज्या मेलमध्ये आहेत त्या मेलच्या तारखेपासून मोजायचे, सारांश लिहितोय त्या दिवसापासून नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे चुकतात. आणि "पंधरा दिवस" म्हणजे बहुतेकदा दोन आठवडे असतात, अगदी मोजून पंधरा नाही, त्यामुळे त्यातून पक्की तारीख काढून लिहू नका, "सुमारे पंधरा दिवसांत" असंच ठेवा. आपला "परवा" तर त्याहून वाईट, तो मागेही जातो आणि पुढेही. "परवा बोललो" आणि "परवा देतो" यात क्रियापदामुळे कळतं, पण लोक फोनवरून नुसतं "चेक परवा" असं टाकतात, आणि मग चेक दिला की द्यायचाय ते पुढचा मेल वाचल्याशिवाय कळत नाही.

आणि एक, मूळ मेलमध्येच चूक असेल तर काय करायचं? कॉन्ट्रॅक्टरने १३ मार्चच्या मेलमध्ये लिहिलं होतं "मंगळवारी १२ मार्चला येऊन माप घेतलं". १२ मार्चला बुधवार होता. इथे मोह होतो की आपणच नीट करून टाकावं. करू नका. वार चुकला की तारीख चुकली हे तुम्हाला माहीत नाही. सारांशात जसंच्या तसं लिहा, पुढे "मूळ मेलमध्ये वार आणि तारीख जुळत नाही" असं टाका, आणि त्याला विचारायच्या यादीत घाला.

चौथं: निर्णय

आता अवघड भाग, कारण इथे सर्च करून भागत नाही, तळापासून वर सलग वाचावं लागतं. वरून खाली वाचलं तर आधी उत्तर कळतं मग प्रश्न, आणि डोकं मधल्या जागा स्वतःच भरतं.

प्रत्येक निर्णयाच्या वाक्याला मी चार प्रश्न विचारते. कोण बोललं, त्याला तो अधिकार होता का, अट होती का, आणि नंतर कोणी ते बदललं का. खजिनदारांचा ४ मार्चचा मेल असा होता: "११.८० माझ्याकडून चालेल, पण जीएसटी धरून आहे का विचारा." हे एका मेंबरचं मत आहे, आणि तेही प्रश्नासकट. कमिटीची मंजुरी नाही. मंजुरी चेअरमनच्या १० मार्चच्या मेलमध्ये होती: "काल रविवारी कमिटी मीटिंगमध्ये जीएसटी धरून १३,९२,४०० मंजूर." म्हणजे निर्णय ९ मार्चचा आणि कळवला १० मार्चला. सारांशात दोन्ही तारखा हव्यात, नाहीतर वरच्या टाइम झोनच्या घोळामुळे कोणीतरी म्हणणार की मेलसुद्धा ९ लाच गेला.

आपल्याकडे मेलमध्ये लोक "ओके", "चालेल", "बघून घेऊ", "हरकत नाही" असं लिहितात आणि त्याचं सारांशात सरसकट "मान्य केलं" होतं. "ओके" म्हणजे पुष्कळदा नुसतं वाचलं. "बघून घेऊ" म्हणजे बहुधा नाहीच, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी शब्द बदलू नका, अवतरणचिन्हात तोच शब्द ठेवा. आणि कोणी उत्तर दिलंच नाही तर "कोणाची हरकत नव्हती" असं लिहू नका, "उत्तर आलं नाही" असं लिहा.

शक्य असेल तर ही फेरी दोघांनी करा. छापखान्यात प्रूफ तपासताना एक जण मूळ कॉपी मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवायचा, तसंच. मी नवऱ्याला बसवते, तो मूळ मेल वाचतो आणि मी सारांशावर बोट ठेवते. एकटीने वाचताना आपण जे असायला हवं तेच वाचतो, आकड्यांच्या बाबतीत तर नक्कीच.

पाचवं, वेळखाऊ: हरवलेली फांदी शोधणं

इतकं सगळं करूनही आमचा ४० टक्क्यांचा मुद्दा बरोबरच दिसत होता. वाक्याला नंबर होता, मेल कॉन्ट्रॅक्टरचा, १३ मार्चचा, "४० टक्के ॲडव्हान्स शुक्रवारपर्यंत द्या". पण हे मागणं झालं, त्याला हो कोण म्हणालं ते साखळीत नव्हतंच. हो नाही आणि नाहीपण नाही.

अशी जागा दिसली की समजायचं, साखळीला फांदी फुटलीय. एकाच मेलला दोघांनी वेगवेगळं उत्तर दिलं की दोन फांद्या होतात, आणि शेवटचा मेल फॉरवर्ड केला की फक्त त्याच्या खालची फांदी जाते, दुसरी जात नाही. चेअरमननी कॉन्ट्रॅक्टरला तारखेबद्दल उत्तर दिलं होतं, आणि खजिनदारांनी त्याच मेलला वेगळं उत्तर टाकलं होतं. आपल्याकडे आलेली होती चेअरमनची फांदी.

मग एकच उपाय, साखळीतल्या प्रत्येकाला सांगायचं की तुमच्या सेंटमध्ये बघा, या विषयाचं १३ तारखेनंतर काही गेलंय का, आणि असेल तर साधं फॉरवर्ड न करता `Forward as attachment` करा. त्याने मेल मूळ हेडरसकट येतो, कोणाचं उत्तर कशाला होतं तेही त्यात असतं. जीमेलमध्ये पूर्ण चर्चा पाठवायची तर `Forward all` आहे, पण विषयाची ओळ कोणी बदलली किंवा मेल शंभरच्या वर गेले की जीमेल चर्चा तोडून नवीन सुरू करतं, मग तेही पुरत नाही.

खजिनदारांच्या सेंटमध्ये दोन मेल मिळाले. "३० टक्क्यांपेक्षा जास्त देता येणार नाही, चेक २१ ला देऊ", आणि त्यावर कॉन्ट्रॅक्टर, "ठीक आहे, ३० चालतील." ३० टक्के म्हणजे ४ लाख १७ हजार ७२०, आणि शुक्रवार १४ चा नाही, २१ चा. सारांशावर भरवसा ठेवून चेक लिहिला असता तर ५ लाख ५६ हजार ९६० गेले असते, आणि तेही आठवडाभर आधी.

कधी थांबायचं

दोन मेल एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि तिसरा मेल निकाल लावत नाही, तर तुमचं काम संपलं. कोणता खरा ते तुम्ही ठरवायचं नाही, लिहिणाऱ्याला एका ओळीत विचारा, "१२ की ११?" असं, लांबलचक प्रश्न विचारलात तर लांबलचक उत्तर येतं आणि त्यातही तारीख नसते.

मूळ मेल डिलीट झालाय किंवा लिहिणारा नोकरी सोडून गेलाय तर ऑफिसच्या आयटीवाल्याला सांगा, आणि लगेच सांगा, कारण जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवसच राहतो.

आणि पैशाचा वाद रजिस्ट्रारकडे किंवा कोर्टात जाणार असं दिसायला लागलं की सारांशाला हातच लावू नका, वकील गाठा. तेव्हा सारांशाला किंमत नसते, मूळ मेललाच असते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. नुसत्या प्रिंटआउटच्या गठ्ठ्याने भागत नाही. कोणालाही मेल डिलीट करू देऊ नका, इकडून तिकडे फॉरवर्डही करत बसू नका.

आमच्याकडे वकिलापर्यंत गेलं नाही. सारांशाच्या तीन ओळींच्या सात झाल्या, प्रत्येकीपुढे मेलचा नंबर, आणि दोन्ही जोशींच्या नावापुढे विंग. फक्त माप घेतल्याची तारीख अडली होती म्हणून कॉन्ट्रॅक्टरला फोन केला, तो म्हणाला, "मंगळवारच होता मॅडम, आमची बुधवारी सुट्टी असते." म्हणजे ११ मार्च. तेवढं मी मेलवर लिहून मागितलं आणि त्याला बेचाळिसावा नंबर दिला.